डिरेंजमेंट : सगळी पत्रे चुकीच्या पाकिटांत

डिरेंजमेंट म्हणजे वस्तूंची अशी मांडणी, जिच्यात एकही वस्तू स्वतःच्या जागेवर राहत नाही. n वस्तूंच्या अशा मांडण्यांची संख्या D(n) अशी लिहितात. काही पुस्तकांत उद्गारचिन्ह आधी घालून !n असेही लिहिलेले आढळते. शिकवताना हमखास घेतले जाणारे उदाहरण पत्रांचे आहे. काही पत्रे लिहून झाली, तितक्याच पाकिटांवर पत्ते घातले आणि न बघता प्रत्येक पाकिटात एकेक पत्र सरकवले, तर एकही पत्र योग्य पत्त्यावर जाणार नाही असे किती प्रकार होतील? ही मोजणी समावेश-वर्जन तत्त्वाने करतात, आणि ते तत्त्व नेमके कसे काम करते हे दिसायला याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

दोन पत्रे असतील तर अदलाबदल हा एकच प्रकार. तीन असतील तर दोन प्रकार, तेही बोटांवर मोजता येतात. चार पत्रांपासून गोष्ट रंगायला लागते. समजा अकोला, बीड, कराड आणि डहाणू या चार गावांना पत्रे पाठवायची आहेत. त्यांना अ, ब, क, ड म्हणू. पाकिटे याच क्रमाने टेबलावर ठेवली आहेत आणि कोणत्या पाकिटात कोणते पत्र गेले ते ओळीने लिहायचे आहे. ‘बअडक’ म्हणजे अकोल्याच्या पाकिटात बीडचे पत्र, बीडच्या पाकिटात अकोल्याचे, कराडच्यात डहाणूचे आणि डहाणूच्यात कराडचे. एकूण मांडण्या ४! म्हणजे २४. त्यांतल्या पूर्णपणे चुकलेल्या मांडण्या अशा: बअडक, बकडअ, बडअक, कअडब, कडअब, कडबअ, डअबक, डकअब, डकबअ. एकूण नऊ.

आता यादी न करता नऊपर्यंत कसे पोचायचे? पहिला विचार कोणालाही सुचेल तो असा, की २४ मधून ‘काहीतरी बरोबर आलेल्या’ मांडण्या वजा कराव्यात. अकोल्याचे पत्र बरोबर ठेवले तर उरलेली तीन ३! = ६ प्रकारांनी जातात. बीड, कराड, डहाणू यांचेही तसेच. म्हणजे ४ × ६ = २४ वजा. पण २४ मधून २४ गेले तर शून्य उरते, आणि नऊ मांडण्या तर वर डोळ्यांसमोर आहेत. वजाबाकी जास्त झाली, हे उघड आहे. कुठे झाली?

ज्या मांडणीत अकोला आणि बीड दोन्ही बरोबर आहेत, ती अकोल्याच्या सहांतही आली आणि बीडच्या सहांतही आली. ती एकदाच वगळायची होती, आपण दोनदा वगळली. म्हणून दोन-दोन पत्रांच्या जोड्या घेऊन परत मिळवायचे. चारांतून जोड्या सहा होतात, प्रत्येक जोडी बरोबर ठेवल्यावर उरलेली दोन पत्रे २! = २ प्रकारांनी जातात, म्हणजे १२ परत आले. पण आता ज्या मांडणीत याहून जास्त पत्रे बरोबर आहेत ती गरजेपेक्षा जास्त वेळा परत आली, म्हणून तीन-तीनचे गट पुन्हा वजा करायचे. असे गट चार, प्रत्येकी एक मांडणी. शेवटी चारही बरोबर असलेली एक मांडणी मिळवायची. हिशेब होतो २४ − २४ + १२ − ४ + १ = ९.

आधी वजा, मग अधिक, पुन्हा वजा, हे सूत्र म्हणून पाठ करता येते, पण त्याने समाधान होत नाही. म्हणून प्रत्येक मांडणी या हिशेबात किती वेळा मोजली गेली ते पाहावे. चोवीस मांडण्यांपैकी नऊमध्ये एकही पत्र बरोबर नाही, आठमध्ये नेमके एक बरोबर आहे, सहांमध्ये नेमकी दोन आणि एका मांडणीत चारही. नेमकी तीन बरोबर असलेली मांडणी असूच शकत नाही; तीन पत्रे जागेवर गेली की चौथ्यालाही स्वतःचेच पाकीट उरते. घाईत उत्तरे काढणारे नेमके हेच विसरतात.

पूर्ण चुकलेल्या नऊ मांडण्या पहिल्या २४ मध्ये एकदा आल्या आणि नंतरच्या कोणत्याही पायरीत आल्याच नाहीत. त्यांची नोंद एकच राहिली. एक पत्र बरोबर असलेली मांडणी एकदा आली आणि एकदा वजा झाली, म्हणजे शून्य. दोन बरोबर असलेली एकदा आली, दोनदा वजा झाली, एकदा परत आली: १ − २ + १, पुन्हा शून्य. चारही बरोबर असलेली मांडणी १ − ४ + ६ − ४ + १, तीही शून्य. म्हणजे अधिक-उण्याची ही सगळी धावपळ एवढ्यासाठीच आहे, की नको असलेली प्रत्येक मांडणी शेवटी शून्य वेळा मोजली जावी आणि हवी असलेली एकदा.

हे शून्य योगायोगाने येत नाही. एखाद्या मांडणीत काही पत्रे बरोबर असतील तर त्यांतले एक हेरून ठेवावे, समजा बीडचे. बरोबर पत्रांपैकी जे जे गट आपण हिशेबात धरतो, त्यांच्या जोड्या लावता येतात: बीड नसलेला एक गट आणि त्यातच बीड मिळवून झालेला दुसरा. दोन्ही गटांच्या आकारात एकाचा फरक, म्हणून एक अधिक चिन्हाने येतो आणि दुसरा उणे चिन्हाने. प्रत्येक जोडी आपापसांत रद्द होते. जोडी लावायला निदान एक बरोबर पत्र लागते, म्हणून फक्त पूर्ण चुकलेल्या मांडण्या या रद्द होण्यातून सुटतात.

पत्रे चारांऐवजी n असली तरी वेगळे काही करावे लागत नाही. n पत्रांतून r पत्रे निवडायचे प्रकार n!/(r!(n−r)!) आणि उरलेल्यांच्या मांडण्या (n−r)!. दोन्हींचा गुणाकार केला की (n−r)! छाटला जातो आणि फक्त n!/r! राहतो. त्यामुळे सूत्र अपेक्षेपेक्षा बरेच सुटसुटीत निघते:

D(n) = n! × (१ − १/१! + १/२! − १/३! + … ± १/n!)

यातून पाच पत्रांसाठी ४४, सहांसाठी २६५, सातांसाठी १८५४ आणि दहांसाठी १३,३४,९६१ असे आकडे येतात. कंसातली बेरीज म्हणजे सगळी पत्रे चुकण्याची संभाव्यता. चार पत्रांसाठी ती ०.३७५, पाचांसाठी सुमारे ०.३६६७, सहांसाठी सुमारे ०.३६८१. पुढे ती जवळजवळ हलतच नाही, कारण ही बेरीज १/e म्हणजे ०.३६७८७९… या संख्येकडे जाते आणि तिथे फार लवकर पोचते. पत्रे दहा असोत की दहा हजार, सगळी चुकण्याची शक्यता व्यवहारात तीच. पत्रे वाढली की निदान एखादे तरी जागेवर पडेलच, असे मनाला वाटते खरे. पण पत्रे वाढतात तशी प्रत्येक पत्र योग्य पाकिटात जाण्याची शक्यताही कमी होते. सरासरी तर n कितीही असला तरी नेमके एकच पत्र बरोबर पडते. आकडेमोडीसाठी एक सोय अशी, की n!/e ची सर्वांत जवळची पूर्ण संख्या म्हणजेच D(n). सहांसाठी ७२०/e सुमारे २६४.९ येते, उत्तर २६५.

हे गणित सोडवताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक पत्र चुकण्याची शक्यता ३/४, म्हणून चारही चुकण्याची (३/४)⁴, असे काहीजण लिहितात. हे सुमारे ०.३१६ येते, खरे उत्तर ०.३७५ आहे. एक पत्र कुठे गेले यावर दुसऱ्याला कोणती पाकिटे उरली हे ठरते, त्यामुळे या घटना स्वतंत्र नाहीत. चूक लगेच पकडताही येते: ०.३१६ ला २४ ने गुणले तर मांडण्यांची संख्या साडेसातच्या आसपास येते, आणि मांडण्या अपूर्णांकात नसतात. गंमत म्हणजे n खूप मोठा केला तर हा चुकीचा मार्गही १/e कडेच जातो, म्हणून मोठ्या उदाहरणात तो खपून जातो.

दुसरी चूक साध्या गुणाकाराची. चार पत्रांना पहिल्यासाठी तीन पर्याय, त्याने ज्याचे पाकीट घेतले त्या पत्रासाठीही तीन, मग उरलेल्या दोघांना एकेकच, असे करून नऊ बरोबर येते. पाच पत्रांना हे चालत नाही. अकोल्याचे पत्र बीडच्या पाकिटात गेले, तर पुढचे सगळे बीडचे पत्र कुठे जाते त्यावर अवलंबून असते. ते अकोल्याच्या पाकिटात गेले तर उरलेली तीन पत्रे दोनच प्रकारांनी चुकतात. इतर तीन पाकिटांपैकी कुठेही गेले तर प्रत्येकी तीन प्रकारांनी. एकूण २ + ९ = ११, आणि अकोल्याच्या पत्राला असे चार पर्याय, म्हणून ४४.

हाच फाटा २०१४ च्या जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेतल्या एका प्रश्नात होता. सहा कार्डे, सहा पाकिटे, एकही कार्ड आपल्या क्रमांकाच्या पाकिटात नको आणि पहिले कार्ड क्रमांक दोनच्याच पाकिटात हवे. दुसरे कार्ड पहिल्या पाकिटात गेले तर उरलेल्या चारांचे ९ प्रकार. नाही गेले, तर पहिले पाकीट हीच जणू त्या कार्डाची वर्ज्य जागा समजून पाच कार्डांचे ४४ प्रकार. एकूण ५३. पहिल्या कार्डाला पाचही पाकिटे सारखीच, म्हणून २६५ ला ५ ने भागूनही ५३ च मिळतात. यातून D(n) = (n−१)(D(n−१) + D(n−२)) हे नाते मिळते आणि एक पडताळाही: D(n) ला n−१ ने भाग जात नसेल, तर हिशेब कुठेतरी चुकला आहे.

हा प्रश्न मुळात पत्रांचा नव्हता, पत्त्यांच्या जुगाराचा होता. फ्रान्समध्ये ‘त्रेझ’ म्हणजे तेरा नावाचा खेळ होता. पत्ते पिसून एकेक उघडत जायचा आणि सोबत एक्का, दुर्री, तिर्री असे तेरापर्यंत म्हणत जायचे. म्हटलेला आणि निघालेला पत्ता जुळला की डाव वाटणाऱ्याचा. पिएर रेमों द मोंमोर यांनी संभाव्यतेवरच्या आपल्या ग्रंथात १७०८ मध्ये हा प्रश्न घेतला. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत निकोलस बर्नुली यांच्याशी झालेला पत्रव्यवहार छापला आहे, आणि बर्नुलींची त्यातली सिद्धता वर दिलेल्या अधिक-उण्याच्या रीतीचीच आहे. पुढे लिओनार्ड ऑयलर यांनीही या खेळावर निबंध लिहिला. तो १७५३ मध्ये छापला गेला.

तेरा वेगवेगळे पत्ते घेतले तर जुळणी होण्याची शक्यता १ − १/e, म्हणजे सुमारे ०.६३२. पण खरा खेळ ५२ पत्त्यांचा होता आणि त्यात प्रत्येक मूल्याचे चार पत्ते असतात. तिथे D(n) चे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण एका जागेला ‘बरोबर’ असा एकच पत्ता राहत नाही. तत्त्व मात्र तेच चालते: r ठरलेल्या जागा जुळवायच्या तर प्रत्येक जागेसाठी चार पर्याय धरायचे आणि पुन्हा आलटून पालटून मिळवत-वजा करत जायचे. पहिली पायरी १३ × ४/५२ म्हणजे बरोबर १, दुसरी सुमारे ०.४७१, तिसरी ०.१३८, चौथी ०.०२८, पाचवी ०.००४. जुळणीची शक्यता सुमारे ०.६४३ निघते. पत्त्यांऐवजी एकाच घरी जाणाऱ्या दोन सारख्या निमंत्रणपत्रिका पाकिटांत भरायच्या असतील, तर तिथेही D(n) सरळ न वापरता अशीच नव्याने मोजणी करावी लागते.