बिलासाठी दिलेला नंबर कुठपर्यंत जातो?

नागपुरात धंतोलीतल्या औषधाच्या दुकानात शुगरच्या गोळ्या घ्यायला गेलात, की पैशांच्या आधी विचारणा होते, "मोबाइल नंबर सांगा." मागे रांग असते, आपण सांगून मोकळे होतो. बिल मोबाइलवर येतं. पंधरा दिवसांनी मधुमेहाच्या तपासणीवर सवलत देणारा एका लॅबचा मेसेजही येतो, असं धरून चालू.

नुसते दहा आकडे आपल्याबद्दल फार काही सांगत नाहीत. पण बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या आकड्यांच्या शेजारी औषधाचं नाव, गोळ्यांची संख्या आणि तारीख नोंदलेली असते. दर महिन्याला साठ गोळ्या, म्हणजे दिवसाला दोन. सहा महिन्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की आजार कोणता, औषध कधी वाढलं, मध्येच कधी बंद केलं, सगळं कळतं. लॅबला किंमत असते ती या जोडीची.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नेमकं औषधाच्या दुकानाचंच उदाहरण दिलेलं आहे. ग्राहकाने आपणहून नंबर दिला आणि पावती मोबाइलवर मागितली, तर पावती पाठवायला दुकानदाराला वेगळी संमती लागत नाही. मात्र ही मुभा त्या पावतीपुरतीच. याला हेतुमर्यादा म्हणतात: माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याच कामासाठी वापरायची. जाहिरात हे दुसरं काम, त्याला दुसरी संमती. नंबर देताना "फक्त बिलासाठी" एवढे दोन शब्द जोडले, तर बाकीच्या वापराला नकार तिथेच नोंदवला जातो.

संमती कशाला म्हणायचं, यावरही कायदा बराच काटेकोर आहे. ती मोकळेपणाने, विशिष्ट कामासाठी, माहिती घेऊन, अट न लावता आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आधीच टिक केलेला चौकोन त्यात बसत नाही, कारण तिथे आपण काहीच केलेलं नसतं. औषध घरपोच देणाऱ्या ॲपने पत्त्यासोबत फोनमधली संपर्कयादी मागितली आणि आपण 'मान्य' दाबलं, तरी घरपोच सेवेला यादी लागत नाही. तेवढ्या भागापुरती ती संमती ग्राह्य नाही. संमती घेतल्याचं सिद्ध करायची जबाबदारीही माहिती घेणाऱ्यावर आहे. आणि सूचना मराठीत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

आता तो लॅबचा मेसेज उघडा आणि पाठवणाऱ्याचं नाव बघा. `XX-ABCDEF-P` अशा धाटणीच्या नावात शेवटचा P म्हणजे जाहिरात. S असेल तर सेवेचा मेसेज, T व्यवहाराचा, G सरकारी. बिल S किंवा T ने आलं आणि त्याच दुकानाचा P वाला मेसेज मागोमाग आला, तर हेतू बदलल्याचा पुरावा तुमच्या हातातच आहे. स्क्रीनशॉट ठेवा. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरात आली असेल, तर १९०९ वर तक्रार करा.

दुकानाला पाठवायचा मजकूर छोटा असला तरी चालतो: "अमुक तारखेच्या बिलासाठी दिलेला माझा नंबर जाहिरातीसाठी वापरू नये. तो कुणाला दिला असल्यास कळवावं आणि काम संपलं असल्यास काढून टाकावा." संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. एका टिकने घेतलेली संमती मागे घ्यायला अर्ज घेऊन दुकानात बोलावणं त्यात बसणार नाही.

पण याला मर्यादा आहेत. संमती मागे घेण्याआधी झालेला वापर त्यामुळे बेकायदा ठरत नाही. दुकानाच्या वतीने काम करणाऱ्या कंपनीला दुकान थांबवू शकतं. पण यादी तिसऱ्याच्या हाती गेली असेल, तर ती परत गोळा करणं जवळपास अशक्य. शिवाय काही अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं 'एच-वन' वर्गात येतात. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानाला तीन वर्षं ठेवावीच लागते, ती तुमच्या सांगण्याने पुसली जाणार नाही. त्या नोंदीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण लागतं. मोबाइल नंबर लागत नाही.

आणखी एक अडचण वेळेची. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, पण संमती, सूचना आणि माहिती पुसण्याच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोवर दुकानाने दाद दिली नाही, तर या कायद्याचा धाक फारसा चालणार नाही. तेव्हा काउंटरवर कागदी बिल मागणंच बरं. नंबर दिल्याशिवाय बिल देत नाही, असा आग्रह दुकानांनी धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दिलेली आहे.