प्लास्टिक-विघटक जीवाणू

प्लास्टिकची लांब साखळी तोडून तिच्या तुकड्यांतील कार्बनवर वाढू शकणारे जीवाणू. सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण म्हणजे जपानमधील साकाई येथे पेट बाटल्यांच्या पुनर्चक्रण केंद्राच्या आवारात सापडलेला *इडिओनेला साकाएन्सिस*. त्याचे वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झाले. पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिएस्टर कापड ज्यापासून बनते ते पेट तो खातो. पॉलिथिनची पिशवी मात्र त्याच्या आवाक्याबाहेर आहे, आणि हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे.

पेटची साखळी टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांच्या कड्यांची असते व कडी कडीला एस्टर बंधाने जोडलेली असते. हा बंध पाण्याने तुटू शकतो, फक्त आपोआप तुटण्याचा वेग नगण्य असतो. अख्खी साखळी पेशीत शिरू शकत नाही, म्हणून जीवाणू पेटेझ नावाचे विकर (एन्झाइम) बाहेर सोडतो. विकराच्या पृष्ठभागावरील उथळ खाचेत साखळीचा भाग बसला की तिथल्या सेरीन या अमिनो आम्लाचा ऑक्सिजन एस्टरमधील कार्बनवर चाल करतो. शेजारचे हिस्टिडीन आणि अस्पार्टिक आम्ल त्याला त्यासाठी सज्ज करतात. साखळी तुटते, एक टोक काही क्षण सेरीनलाच चिकटून राहते आणि पाण्याचा रेणू ते सोडवतो. सुटलेल्या लहान तुकड्यांचे मेहेटेझ हे दुसरे विकर आम्ल व ग्लायकॉल असे विभाजन करते. ही द्रव्ये पेशीला वापरता येतात.

पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीनच्या कण्यात केवळ कार्बन-कार्बन बंध असतात. पाणी घालून तोडता येईल असा दुवाच तिथे नसल्याने पेटेझसारखी विकरे निरुपयोगी ठरतात. ‘पॉलिथिन खाणाऱ्या’ जीवाणूंचे अनेक दावे नमुन्याच्या घटलेल्या वजनावर उभे असतात. ते वजन प्लास्टिकमध्ये मिसळलेली द्रव्ये निघून गेल्यानेही घटते. खात्री करायची तर कार्बन-१३ ने खूण केलेले प्लास्टिक द्यावे आणि तो कार्बन बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडतो का ते तपासावे.

पेटच्या बाबतीतही वेग ही अडचण आहेच. मूळ प्रयोगात ३० अंश सेल्सिअसला पातळ फिल्म जवळजवळ नाहीशी व्हायला सहा आठवडे लागले, आणि ती फिल्म मुद्दाम सैल रचनेची, सुमारे २ टक्के स्फटिकता असलेली होती. बाटलीच्या ताणलेल्या भिंतीत स्फटिकता साधारण ३० टक्क्यांच्या आसपास असते. स्फटिक भागात साखळ्या घट्ट रचलेल्या असतात. त्या वाकून विकराच्या खाचेत येत नाहीत.

म्हणून कारखान्यासाठी जिवंत जीवाणू न वापरता उष्णता सोसणारे विकर वापरतात. पानांच्या कंपोस्टमधील जनुकातून मिळालेल्या क्युटिनेझ नावाच्या एका विकरात चार बदल करून फ्रान्समधील संशोधकांनी २०२० साली ७२ अंशांना सुमारे १० तासांत ९० टक्के पेट तोडून दाखवले. दर किलो मिश्रणात २०० ग्रॅम पेट आणि दर ग्रॅम पेटमागे ३ मिलिग्रॅम विकर, असे प्रमाण होते. तापमानाचा पट्टा अरुंद आहे. ६५–७० अंशांखाली साखळ्या ताठ राहतात. फार वर गेले तर पेट वेगाने स्फटिक बनू लागते आणि उरलेला भाग विकराच्या हातून सुटतो.

तयारीत बाटल्या निवडून धुतात, प्लास्टिक वितळवून झटकन थंड करतात, म्हणजे स्फटिक बनायला वेळ मिळत नाही, आणि मग बारीक भुकटी करतात. थंड करणे रेंगाळले तर पुढचे सारे बिघडते. आम्ल सुटत असल्याने सामू ८ च्या आसपास ठेवायला सतत कॉस्टिक सोडा घालावा लागतो. सोड्याचा खप हेच प्रगतीचे माप असते: अपेक्षेच्या खूप आधी तो थांबला, तर भुकटीची स्फटिकता आधी तपासावी, नाहीतर विकर निकामी झाले असे समजून महागडे विकर उगाच वाढवले जाते.

रसायनशास्त्राच्या हिशोबाने १ टन शुद्ध पेट पूर्ण तुटल्यास सुमारे ८६५ किलो टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ३२३ किलो ग्लायकॉल मिळते. बेरीज टनापेक्षा जास्त येते, कारण पाणी जोडले जाते. त्यासाठी सुमारे ४१५ किलो सोडा लागतो. आम्ल वेगळे काढायला गंधकाम्ल घातले की सुमारे ७४० किलो सोडियम सल्फेट शिल्लक राहते. खर्चाची आणि पर्यावरणाची खरी आकडेमोड या मिठापाशी अडते, विकराच्या चपळाईपाशी नव्हे.

कचराभूमीवर जीवाणू फवारून उपयोग नाही. तिथे ना तापमान राखता येते, ना भुकटी असते, ना सामू सांभाळला जातो, आणि बराचसा ढीग पॉलिथिनचा व बहुस्तरीय पाकिटांचा असतो. भारतात स्वच्छ पारदर्शक बाटल्यांना भंगारात भाव मिळतो. वितळवून त्यांचे धागे करणे स्वस्त पडते. विकरांचा उपयोग संभवतो तो त्या मार्गाने नीट न वापरता येणाऱ्या रंगीत पेटसाठी आणि पॉलिएस्टर कापडासाठी. त्यातही कापूस मिसळलेले कापड आधी वेगळे करावे लागते, आणि धाग्याची स्फटिकता बाटलीइतकीच आडवी येते.