फ्रॅक्चर सापडलं, आता कोपर बघा

मिरजेजवळच्या गावातला सात वर्षांचा मुलगा उसाच्या ट्रॉलीवरून हातावर पडला. एक्स-रेत कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचं, म्हणजे अल्ना, मोडलेलं स्पष्ट दिसत होतं. प्लास्टर झालं. महिन्याने ते काढलं, तर कोपर पुरतं वाकेना आणि तीर्थ घ्यायला धरतो तसा तळहात वर वळेना. आईने जुनी फिल्म आणली होती. ती मनगटापासून सुरू होऊन कोपराच्या अलीकडेच संपत होती. नव्या फिल्ममध्ये दुसऱ्या हाडाचं, रेडियसचं, डोकं कोपरातून निखळलेलं होतं.

मोंतेज्जा या इटालियन सर्जनने 1814 मध्ये वर्णन केलेली ही दुखापत. अल्ना आणि रेडियस दोन्ही टोकांना बांधलेली असतात. त्यामुळे एक मोडून आखूड झालं किंवा वाकलं, की दुसरं मोडतं किंवा सांध्यातून सरकतं. काठीचा थेट फटका बसला, तर एकटी अल्ना मोडू शकते. पण तसं म्हणायचं ते दोन्ही सांधे पाहूनच.

विद्यार्थ्यांना मी हाताची पाच बोटं मोजायला लावतो: नाव, दोन, रेषा, हाड, सावली. नावात रुग्ण, तारीख आणि डावा-उजवा आला. दोन म्हणजे समोरून आणि बाजूने अशा दोन फिल्म, आणि दोन्ही टोकांचे सांधे. या मुलाचं निदान इथेच हुकलं. फिल्म अपुरी असेल तर पुन्हा काढून घ्यायची, अंदाज बांधायचा नाही.

हाडाआधी रेषा मी मुद्दाम ठेवली आहे. मोडलेली जागा दिसली की डोळा तिथेच थांबतो. रेडियसच्या मानेच्या मधून पट्टीने रेषा ओढा. ती दंडाच्या हाडाच्या गोल टोकातून, कॅपिटेलममधून, जायला हवी, आणि तीही दोन्ही फिल्ममध्ये. एकीत जुळली आणि दुसरीत चुकली, तर सांधा निखळला आहे असंच धरा. मग बाजूच्या फिल्मवर अल्नाच्या मागच्या कडेला पट्टी लावा. ती कड जवळपास सरळ असते. लहान मुलांत हाड न तुटता नुसतं वाकतं, ते असं सापडतं. अगदी लहान बाळांत मात्र कॅपिटेलम अजून कूर्चेचंच असतं, एक्स-रेत दिसत नाही, तेव्हा ही रेषा कामाची नाही.

त्यानंतर हाडाची कड पेन्सिल न उचलता गिरवल्यासारखी नजरेने फिरवा. शेवटी सावली. काटकोनात वाकवलेल्या कोपराच्या बाजूच्या फिल्ममध्ये दंडाच्या हाडामागे चरबीची काळी पट्टी दिसली, तर सांध्यात बहुधा रक्त साचलेलं असतं, फ्रॅक्चर दिसो वा न दिसो.

पहिल्याच दिवशी कळलं असतं तर बहुतेक मुलांप्रमाणे भूल देऊन अल्ना सरळ केल्यावर रेडियसचं डोकं आपसूक जागेवर बसण्याची शक्यता होती. महिन्यानंतर मात्र जुळत आलेली अल्ना पुन्हा कापून, वळवून, प्लेट लावावी लागली.