मुदत ठेव ‘जोखीममुक्त’ कशी झाली: भांडवल वाटप रेषेची पार्श्वभूमी

वैविध्याचे गणित १९५२ मध्ये मांडले गेले, पण त्यात फक्त जोखमीच्या मालमत्ता होत्या. जोखीम आणि परतावा यांच्या आलेखावर त्यांच्या मिश्रणातून वक्र मिळतो. जोखीममुक्त साधन आणि जोखमीची मालमत्ता यांची मिश्रणे दाखवणारी सरळ रेषा, म्हणजे भांडवल वाटप रेषा, आली ती १९५८ च्या एका निबंधातून, आणि त्यात ठेव नव्हतीच. एका बाजूला व्याज न देणारी रोकड होती, दुसऱ्या बाजूला मुदत नसलेले सरकारी रोखे. व्याज देणारे जोखीममुक्त साधन १९६० च्या दशकात रुळले, आणि त्या जागी आपल्याकडे बँकेची मुदत ठेव बसवली गेली.

हिशेब सोपा आहे. ठेव ७ टक्के देते. निर्देशांक फंडाकडून वर्षाला १२ टक्क्यांची अपेक्षा आहे आणि त्याची अस्थिरता, म्हणजे परताव्यातली चढउतार, २० टक्के आहे. आपल्याला १२ टक्के अस्थिरता झेपत असेल, तर १२ भागिले २०, म्हणजे ६० टक्के रक्कम फंडात. दहा लाखांपैकी सहा फंडात, चार ठेवीत. अपेक्षित परतावा १० टक्के. रेषेचा चढ ०.२५, म्हणजे अस्थिरतेच्या प्रत्येक टक्क्यामागे पाव टक्का जादा परतावा.

मात्र हे सगळे उभे आहे ते ठेवीची जोखीम शून्य धरून. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला सुरुवातीला जेमतेम हजार रुपये काढता येत होते. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख होती. १९९३ पासून ती हललीच नव्हती. म्हणजे वरच्या चार लाखांतले तीन लाख उघडेच. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा ५ लाख झाली. उशीर झाला, हे म्हणायलाच हवे. ती प्रति बँक, प्रति ठेवीदार आणि व्याज धरून आहे, हे अजूनही अनेकांच्या लक्षात येत नाही. शिवाय असा धोका अस्थिरतेच्या आकड्यात दिसत नाही: ठेवीची किंमत रोज हलत नाही, एक दिवस पैसेच अडकतात.

म्हणून काही जण रेषेचे टोक ट्रेझरी बिलावर, म्हणजे सरकारच्या ९१ दिवसांच्या कर्जरोख्यावर ठेवतात. नोव्हेंबर २०२१ पासून सामान्य माणसालाही ती थेट घेता येतात. पण तीसुद्धा ९१ दिवसांपुरतीच जोखीममुक्त. पाच वर्षांनी पैसे लागणाऱ्याला पुढचे दर आज ठाऊक नसतात.

दुसरी अडचण २०२० च्या मार्चमध्ये दिसली. अस्थिरता २० वरून ३० वर गेली, की तेच ६०:४० मिश्रण १८ टक्क्यांवर पोहोचते. १२ वर परतायचे तर फंड ४० टक्क्यांवर आणावा लागतो, तोही पडलेल्या भावात विकून. बाजार निवळला की उलटा प्रवास, आणि त्यासाठी मुदतीआधी ठेव मोडली तर बँक सहसा व्याज कापते. मग ७ टक्के हा आकडाच उरत नाही आणि रेषेचा आरंभबिंदू खाली सरकतो.