त्रिकोणासनातला अंगठा कुठे हवा?

योगवर्गाच्या पत्रकासाठी किंवा आसनांच्या तक्त्यासाठी चित्रं हवी असली, की हल्ली बरेच जण चित्रकाराऐवजी एआयकडे जातात. चार शब्द टंकले की अर्ध्या मिनिटात चित्र हजर. सहा बोटांचा हात आता क्वचितच दिसतो, त्यामुळे चित्र पाहताक्षणी पटतंही. पण चुका संपलेल्या नाहीत, त्या फक्त कमी ठळक जागी सरकल्या आहेत. डाव्या हाताच्या टोकाला उजवा पंजा असतो, किंवा गुडघ्याची वाटी एकीकडे आणि पावलाची बोटं दुसरीकडे असतात. नजर पटकन अडत नाही, आणि तक्ता तसाच छापला जातो.

असं का होतं, हे समजायला चित्र कसं तयार होतं ते थोडं पाहू. बहुतेक चित्र-मॉडेल्स निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि पायरीपायरीने तो गोंधळ कमी करत नेतात. प्रत्येक पायरीला, दिलेल्या मजकुराशी जुळणारं चित्र साधारण कसं दिसेल, याचा अंदाज बांधला जातो. या अंदाजामागे कोट्यवधी छायाचित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी असतात. हाडं, सांधे किंवा स्नायू यांचा त्यात कुठेही हिशेब नसतो. कोपर एकाच बाजूला वाकतं हे मॉडेलला ठाऊक नसतं. कोपर तसं वाकलेली चित्रं त्याने खूप पाहिलेली असतात, एवढंच.

शिवाय काम होतं ते आक्रसलेल्या जाळीवर. २०२२ साली आलेलं स्टेबल डिफ्यूजन हे चित्र-मॉडेल ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र आतल्या आत ६४ बाय ६४ घरांच्या जाळीवर रचत असे, म्हणजे एक घर आठ पिक्सेलचं. चित्रात पूर्ण माणूस ४०० पिक्सेल उंच असला, तर त्याचा पंजा साधारण ४३ पिक्सेल लांब होतो. पाच बोटं, अंगठ्याची बाजू आणि तळहाताची दिशा हे सगळं मग जेमतेम पाच घरांच्या लांबीत बसवायचं. आताची मॉडेल्स मोठ्या चित्रांवर शिकलेली असल्यामुळे हा तोटा कमी झाला आहे. तरी पूर्ण देहाच्या चित्रात हात-पाय हेच सर्वांत कच्चे राहतात.

आता त्रिकोणासनच घेऊ. उजव्या बाजूचं, समोरून पाहिलेलं. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर ठेवतात, उजवं पाऊल नव्वद अंश बाहेर वळवतात आणि डावं किंचित आत. दोन्ही गुडघे सरळ. धड पुढे न वाकता बाजूला कलतं, उजवा हात घोट्याकडे जातो आणि डावा त्याच रेषेत वर उभा राहतो. इतर परंपरांत पावलांची ठेवण थोडी वेगळी असते, म्हणून कुठली ठेवण हवी ते आपणच आधी ठरवावं. आसनाचं नुसतं नाव दिलं तर मॉडेल सगळ्या पद्धतींची सरमिसळ करतं.

नुसत्या नावाने मिळणारं चित्र तीन ठरावीक वाटांनी भरकटतं. पुढचा गुडघा वाकतो आणि ते पार्श्वकोनासन होतं. धड पुढे झुकतं आणि ते पार्श्वोत्तानासनाकडे जातं. किंवा उलट्या बाजूचा हात खाली येतो आणि ते परिवृत्त त्रिकोणासन ठरतं. तिन्ही आसनं खरी आहेत आणि ढोबळ आकृतीने एकमेकांजवळची आहेत, म्हणूनच मॉडेल त्यांच्यात घसरतं.

‘उजवं’ आणि ‘डावं’ लिहून हे सुटत नाही. इंटरनेटवरच्या छायाचित्रांखाली बाजू फारशी लिहिलेली नसते, आणि लिहिली तर ती आसन करणाऱ्याची की पाहणाऱ्याची हे स्पष्ट नसतं. म्हणून बाजू चित्राच्या चौकटीवरून सांगावी. आपल्यासमोर तोंड करून उभ्या असलेल्या व्यक्तीचा उजवा पाय चित्राच्या डाव्या हाताला येतो, तेव्हा तसंच लिहायचं. मॉडेल्स इंग्रजी मजकुरावर जास्त शिकलेली असल्यामुळे प्रॉम्प्ट इंग्रजीत दिलेला बरा:

```
Line illustration, full body, front view, camera at hip height.
Woman in triangle pose, chest facing the viewer, both knees straight.
Legs wide apart. Foot on image-left points to the image-left edge,
kneecap in the same direction. Foot on image-right points to the viewer.
Torso tilts sideways toward image-left, nearly horizontal.
Lower hand rests on the image-left shin.
Upper arm straight up, palm toward the viewer, thumb on the head side.
Plain background.
```

इथे अंशाचा एकही आकडा नाही, हे मुद्दाम. मॉडेलकडे कोनमापक नाही. ‘११० अंश’ लिहिलं काय आणि ‘१२० अंश’ लिहिलं काय, चित्रात त्या प्रमाणात फरक पडेल याची खात्री नसते. ‘कडेकडे’, ‘उभा’, ‘जवळजवळ आडवं’ असे डोळ्यांना दिसणारे शब्द जास्त चालतात. दुसरं, ‘जादा बोटं नकोत’ असं नकारात लिहू नये. नकार बऱ्याचदा हरवतो आणि बोटांचा उल्लेख तेवढा उरतो. क्रमही महत्त्वाचा. जुनी स्टेबल डिफ्यूजन मॉडेल्स मजकुराचे एका वेळी फक्त ७७ तुकडे वाचत (तुकडा म्हणजे शब्द किंवा शब्दाचा भाग), आणि साध्या वापरात त्यापुढचं गळून जाई. नव्यांची मर्यादा मोठी असते, तरी शरीराची ठेवण आधी आणि कपडे-पार्श्वभूमी शेवटी ही शिस्त मोडू नये. ‘सूर्योदय, समुद्रकिनारा, सोनेरी प्रकाश’ यानेच सुरुवात केलेले प्रॉम्प्ट पाहिले की वाटतं, माणूस यात पाहुणाच आहे.

आता तपासणी. चित्र आलं की आधी चेहरा झाकावा. चेहरा छान असला की बाकीचंही बरोबर वाटू लागतं. मग एकेका अवयवाची वाट बोटाने धरत टोकापर्यंत जावं: मानेपासून खांदा, कोपर, मनगट, पंजा. वरचा हात खरंच डाव्या खांद्यातून निघाला आहे का? त्याच्या पंजाचा तळवा आपल्याकडे असेल, तर अंगठा डोक्याच्या बाजूला, म्हणजे चित्राच्या डावीकडे असायला हवा. अंगठा दुसरीकडे असेल, तर डाव्या हाताला उजवा पंजा लागला आहे. पटत नसेल तर उभं राहून आपलाच डावा हात खांद्याच्या रेषेत पसरावा, तळवा पुढे करावा आणि अंगठा कुठे येतो ते पाहावं.

मग चित्रातल्या डाव्या बाजूचं पाऊल. हा पाय खुब्यातून बाहेर वळलेला आहे, त्यामुळे पावलाची आतली कड आपल्याकडे येते. म्हणजे कमान दिसायला हवी आणि आपल्या सर्वांत जवळचं बोट अंगठा हवं. तिथे करंगळी दिसली, तर पाऊल चुकीच्या पायाला जोडलं गेलं आहे. बोटं मोजून ही चूक सापडत नाही, कारण बोटं पाचच असतात.

सर्वांत जास्त फसवते ती गुडघ्याची वाटी. गुडघा सरळ असताना त्यात पीळ जवळजवळ बसत नाही. तो वाकल्यावरच थोडंफार फिरणं शक्य होतं. म्हणून पावलाचं नव्वद अंशाचं वळण मुख्यतः खुब्यातून यावं लागतं आणि वाटीने पावलाच्या बोटांच्याच दिशेला पाहायला हवं. वाटी आपल्याकडे आणि पाऊल बाजूला असं चित्र आलं, तर त्या पायाची नडगी पिळलेली आहे. नवशिका असं चित्र पाहून खुबा तसाच ठेवतो आणि फक्त पाऊल फिरवतो. तो ताण मग गुडघ्यावर येतो.

शब्द कमी पडले की लोक सांगाड्याचा आधार घेतात. २०२३ साली कंट्रोलनेट नावाची पद्धत आली. तिच्यात प्रॉम्प्टसोबत काडीचा माणूस देता येतो आणि मॉडेल त्याच्यावर देह चढवतं. हा काडीचा माणूस अनेकदा ओपनपोझ पद्धतीचा असतो आणि त्याच्या प्रचलित आराखड्यात अठरा बिंदू असतात: नाक, मान, डोळे, कान, खांदे, कोपरं, मनगटं, खुबे, गुडघे, घोटे. यादी घोट्यावर संपते, हे लक्षात घ्या. टाच नाही, अंगठा नाही, हाताची बोटं नाहीत. त्यामुळे त्रिकोणासनाचं धड आणि हात या सांगाड्याने पक्के बसतात, पण पाऊल कुठे वळलं हा आपला मूळ प्रश्न तसाच राहतो. टाच आणि बोटांचे बिंदू असलेला पंचवीस बिंदूंचा आराखडाही आहे, पण तो चालवणारी साधनं कमी. शीर्षासनासारख्या उलट्या आसनात तर छायाचित्रावरून सांगाडा काढणारी प्रणालीच गडबडते, कारण तिने शिकताना उभी-बसलेली माणसंच जास्त पाहिलेली असतात.

आणि सगळं जुळलं तरी एक मर्यादा कुठल्याच प्रॉम्प्टने ओलांडता येत नाही. चित्र सपाट असतं. चित्रात लहान दिसणारी मांडी खरोखर आखूड असेल, आपल्याकडे झुकलेली असेल किंवा आपल्यापासून दूर गेलेली असेल. कागदावर तिन्ही सारखीच दिसू शकतात. म्हणून चित्रावर कोनमापक ठेवून ‘गुडघा इतका वाकवा’ असं सांगता येत नाही. अंगठा, वाटी आणि खांदा तपासून एवढंच म्हणता येतं, की ही ठेवण अशक्य नाही. वजन कुठल्या पायावर आहे किंवा खालचा हात नडगीवर नुसता टेकलाय की तिच्यावर भार टाकलाय, हे रेषांत उतरत नाही. त्यात भर म्हणजे इंटरनेटवरची आसनांची छायाचित्रं मुख्यतः लवचीक, सडसडीत तरुणांची. म्हणून मॉडेलच्या त्रिकोणासनात हात सहज जमिनीला टेकतो आणि गुडघा कित्येकदा सरळच्याही पलीकडे, मागे झुकलेला येतो. साठीच्या माणसांच्या वर्गासाठी तक्ता हवा असेल, तर वय, बांधा आणि हाताखाली लाकडी ठोकळा हे सगळं स्पष्ट लिहावं लागतं. तरीही ठोकळा अधांतरी तर नाही ना, ते पाहावं लागतं.

गरुडासनापाशी मी प्रॉम्प्टचा नाद सोडावा असंच सांगेन. तिथे मांडीवर मांडी आणि पोटरीमागे पाऊल, वर कोपरावर कोपर आणि मनगटांची गुंफण. कुठला अवयव पुढे आणि कुठला मागे, हा क्रम अनेक ठिकाणी सांगावा लागतो, आणि प्रत्येक ठिकाणी मॉडेल दोन अवयव एकमेकांत विरघळवू शकतं. सपाट सांगाड्यालाही पुढचं-मागचं कळत नाही. अशा वेळी आसन नीट येणाऱ्या माणसाचा, त्याच्या संमतीने, साध्या भिंतीसमोर फोटो काढावा आणि त्यावरून ‘डेप्थ मॅप’, म्हणजे अंतराचा नकाशा बनवून घ्यावा. जवळचा भाग उजळ आणि दूरचा गडद दाखवणारं ते करडं चित्र असतं, आणि कंट्रोलनेटला सांगाड्याऐवजी तेही देता येतं. बाह्याकृती आणि अवयवांचा क्रम त्याने बराच टिकतो. गुंफलेल्या बोटांचा भाग तरीही बिघडला, तर तेवढ्या रेषा फोटोवर पारदर्शक कागद ठेवून हाताने काढाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे, आणि प्रॉम्प्ट बदलत बसण्यात त्याहून जास्त वेळ जातो.