तपासले किती, उपचार झाले किती: शालेय दंततपासणीच्या नोंदींची पार्श्वभूमी

शाळेत दंततपासणी झाली की दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर बातमी येते: ‘एवढ्या विद्यार्थ्यांची तपासणी, एवढ्यांचे दात किडलेले’. त्या किडलेल्या दातांचे पुढे काय झाले, हे त्या बातमीत नसते आणि बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या अहवालातही नसते. हा दोष एखाद्या पथकाच्या आळसातून आलेला नाही. शालेय तपासणीची कल्पना जिथे रुजली तिथे कोणता आकडा मोजायचा हे वेळोवेळी बदलत गेले, आणि त्या बदलांत एक महत्त्वाचा रकाना गळून पडला.

सुरुवात ब्रिटनमधली. शाळेतल्या मुलांच्या दातांकडे सक्तीने लक्ष दिले पाहिजे, अशी मागणी स्कॉटलंडमधल्या डंडीचे दंतवैद्य विल्यम फिशर यांनी 1885 मध्ये केली. जर्मन अमलाखालच्या स्ट्रासबर्ग शहरात अर्न्स्ट येसेन यांनी 1902 मध्ये शाळकरी मुलांसाठी दवाखाना उघडला, आणि 1907 मध्ये केंब्रिजमध्येही तसा दवाखाना निघाला. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने शाळांमधली वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. तपासणी हे स्थानिक शिक्षण मंडळाचे कर्तव्य ठरले, पण उपचार त्याच्या मर्जीवर राहिले. प्राथमिक शाळांतील मुलांच्या दंतोपचारांची जबाबदारी 1918 च्या शिक्षण कायद्याने आली. म्हणजे मधली अकरा वर्षे तोंडात डोकावणे सक्तीचे होते आणि दात बरा करणे ऐच्छिक.

तरीही त्या काळच्या शालेय वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या वार्षिक अहवालांत एक शिस्त होती, तिचे मला फार मोल वाटते. दंततपासणीच्या तक्त्यात तीन आकडे एकाखाली एक येत: किती मुले तपासली, किती मुलांना उपचारांची गरज आढळली, आणि प्रत्यक्षात किती मुलांवर उपचार झाले. तपासणीसाठी आणि उपचारांसाठी किती अर्धे दिवस खर्ची पडले, हेही शेजारी लिहिलेले असे. वाचणाऱ्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातली दरी लगेच दिसे. पालकांचा नकार किंवा दंतवैद्यांची कमतरता अशी कारणे काहीही असोत, दरी लपत नसे.

1938 मध्ये अमेरिकेत वेगळीच मोजणी आली. मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउनमधल्या प्राथमिक शाळांतील मुलांचे दात तपासून क्लाइन, पामर आणि नटसन यांनी दातांच्या अवस्थेचा आणि उपचारांच्या गरजेचा अभ्यास प्रसिद्ध केला. किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दात यांची बेरीज करण्याची पद्धत, म्हणजे डीएमएफ निर्देशांक, तिथून रूढ झाली. आजवर किती दातांना कीड लागली हे तो एका आकड्यात सांगतो, आणि दोन गावांची किंवा दोन दशकांची तुलना करायला तो उत्तम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1971 मध्ये मुखआरोग्य सर्वेक्षणाची पुस्तिका काढली, तेव्हा तिनेही तोच निर्देशांक स्वीकारला आणि तो जगभर पोचला.

अडचण अशी की हा निर्देशांक आजाराचा इतिहास सांगतो, आजची गरज सांगत नाही. एका मुलीच्या चार दाढा भरलेल्या आहेत, तिची बेरीज चार. तिच्या बाकावरच्या मुलाच्या चार दाढा किडल्या आहेत आणि एकीतून पू येतो आहे, त्याचीही बेरीज चार. शाळेची सरासरी काढली की दोघे सारखेच दिसतात. शिवाय सरासरी दातांची निघते आणि रांग मुलांची लागते. सरासरी दोन असलेल्या शाळेत प्रत्येक मुलाचे दोन दात खराब असतील, किंवा मोजक्या मुलांच्या तोंडात सगळी कीड साठलेली असेल. दंतवैद्याचे किती दिवस लागतील, हे या दोन शाळांत अगदी वेगळे ठरते. संशोधनासाठी घडलेले हत्यार कार्यक्रम चालवायला वापरले, की हा गोंधळ होतोच.

म्हणून पुढे मुलागणिक निकडीचा रकाना आला. अमेरिकेतल्या राज्यांच्या दंतआरोग्य संचालकांच्या संघटनेने 1999 मध्ये एक साधी सर्वेक्षण पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक मुलाला तीनपैकी एक श्रेणी मिळते: उघड गरज नाही, लवकर दाखवा, तातडीने दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या आवृत्तीतही निकडीची श्रेणी आहे. गरज नाही, प्रतिबंधक किंवा नेहमीचे उपचार, लवकर उपचार, आणि वेदना किंवा जंतुसंसर्गामुळे तातडीचे उपचार, अशी ती चढत जाते. शरीराच्या अन्य आजारासाठी पुढे पाठवायच्या मुलांची श्रेणी निराळी आहे.

निकड नीट नोंदवली की काम झाले, असे वाटू शकते. इंग्लंडच्या वायव्य भागात झालेल्या मोठ्या चाचणीने तो समज मोडला. तिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. 168 शाळांमधली 6 ते 9 वर्षांची 16,864 मुले तिच्यात होती. शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी केली, चौथ्यात तपासणीच केली नाही. नंतर मोजले तेव्हा किडीच्या वाढीत किंवा दंतवैद्याकडे जाणाऱ्या मुलांच्या प्रमाणात या गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. ब्रिटनच्या राष्ट्रीय स्क्रीनिंग समितीनेही त्याच सुमारास शालेय दंततपासणीच्या विरोधात शिफारस केली.

हा निष्कर्ष ‘तपासणी निरुपयोगी’ असा वाचू नये. चाचणी ज्या देशात झाली तिथे मुलांचे दंतोपचार सरकारी सेवेत मोफत आहेत. तरीही घरी चिठ्ठी पाठवणे पुरले नाही. चिठ्ठी आणि खुर्ची यांच्यातला रस्ता कोणीतरी मुलागणिक सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळला जातो की नाही हे फॉर्मवर दिसावे लागते, असा माझ्या मते त्याचा अर्थ आहे.

भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम 1909 मध्ये बडोद्यात झाली. आजच्या रचनेची सुरुवात मात्र महाराष्ट्रातली आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. दातांचे विकार हे पथकाने शोधायच्या, सुरुवातीच्या यादीतल्या तीस आजारांपैकी एक. पथकात दंतवैद्य नसतो, एका मुलासाठी वेळ थोडा असतो, आणि हृदयाचा दोष असलेल्या मुलापुढे किडलेली दाढ मागे पडणे स्वाभाविक आहे. त्यामुळे दंत महाविद्यालये आणि स्वयंसेवी संस्था वेगळी शिबिरे घेतात आणि आपापले फॉर्म बनवतात.

असा फॉर्म करताना आकडे कसे निसटतात हे एका कल्पित शाळेवर पाहू. पट 240. तपासणीच्या दिवशी 210 हजर, त्यांपैकी पालकांची लेखी संमती असलेली 195 मुले तपासली. 90 मुलांना गरज नाही, 60 जणांना नेहमीचे उपचार हवेत (दात साफ करणे, फ्लोराइड लावणे), 36 जणांना लवकर आणि 9 जणांना तातडीने. आता ‘उपचारांची गरज असलेली मुले’ किती? शेवटच्या दोन श्रेणी धरल्या तर 45, म्हणजे तपासलेल्यांपैकी 23 टक्के. पटसंख्येने भागले तर तेच 19 टक्के होतात. नेहमीच्या उपचारांची मुले मिळवली तर 105, म्हणजे 54 टक्के. शाळा तीच, दिवस तोच. छेदात कोण आणि अंशात कोण हे फॉर्मच्या पाठीवर आधीच छापलेले नसेल, तर प्रत्येक जण सोयीची टक्केवारी उचलतो. गैरहजर 30 मुलांना ‘निरोगी’ समजणे ही चूक तर सर्रास होते. दाढदुखीमुळेच घरी राहिलेले मूल याच तिसांत असते.

तपासणारे दोन असतील तर एकाचा ‘लवकर’ दुसऱ्याचा ‘नेहमीचा’ ठरू शकतो. यावर उपाय म्हणजे साधारण दहापैकी एका मुलाला दोघांनीही एकमेकांची नोंद न पाहता तपासायचे, आणि मतभेद निघाले तर व्याख्येवर पुन्हा बसायचे. श्रेणीसमोर कारणही लिहावे: उघडी पोकळी, हिरडीवर गळू, दुखून झोपमोड. नुसता अंक नंतर पडताळता येत नाही. ही तपासणी आरसा आणि टॉर्चवर होते, त्यामुळे दोन दाढांच्या मधली कीड सुटते आणि खाचेतला निव्वळ डाग कधी कीड समजला जातो. पालकांच्या चिठ्ठीत ‘ही प्राथमिक पाहणी आहे’ असे स्पष्ट लिहिणे म्हणूनच गरजेचे आहे.

त्या 45 मुलांचे पुढे काय झाले? समजा, तीन महिन्यांनी यादी घेऊन शाळेत परत गेलो. सात जणांचे उपचार पूर्ण, सहा जणांचे सुरू. पाच जणांना दंतवैद्याने तपासून उपचारांची गरज नसल्याचे सांगितले. 25 जण गेलेच नाहीत. दोघे आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले. अहवालात ‘45 पैकी 18 दवाखान्यात पोचले’ असे छापता येईल, आणि ते खरेच आहे. पण उपचार पूर्ण झालेले सातच, आणि ते पाच जण वेगळे मोजले नाहीत तर आपल्या पथकाची नजर किती चुकते हे कधीच कळणार नाही. 25 जणांसमोर कारण हवे: बस नाही, मजुरी बुडते, दुखणे थांबले, भीती वाटते. रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात हेच ठाऊक नव्हते, असे दहा घरांनी सांगितले, तर पुढच्या चिठ्ठीवर वार आणि वेळ छापावी लागेल. ‘दुखणे थांबले’ हे उत्तर मात्र तातडीचे धरावे, कारण दाताची नस मेल्यावर कळ थांबते आणि मुळाशी पू साचत राहतो.

वेळापत्रकही याच नोंदींतून ठरते. साखर कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतात. दिवाळीनंतर तपासणी घेतली तर स्थलांतर करणारी मुले तपासणीतून किंवा पाठपुराव्यातून निसटतात. जून-जुलैत तपासणी आणि सप्टेंबरअखेर दुसरी भेट ठेवली तर ती गावात असतानाच उपचार होऊ शकतात. या दुसऱ्या भेटीत मुलाला किंवा शिक्षकांना विचारून रकाना भरू नये. पहिल्या फॉर्मवर नोंदलेला तोच दात पुन्हा पाहावा, भरला आहे, काढला आहे की तसाच आहे ते लिहावे, आणि मगच ‘उपचार झाले’ या रकान्यात खूण करावी.