नॉब फिरवला की बॅटरीचे 12 व्होल्ट कमी होतात का?

पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या वावरांतून पाठीवरच्या बॅटरी पंपांचा आवाज ऐकू येऊ लागतो. या पंपात 12 व्होल्टची बॅटरी आणि एक छोटी डीसी मोटर असते, आणि नॉब फिरवला की ती मोटर हळू किंवा जोरात चालते. बॅटरी मात्र प्रत्येक वेळी 12 व्होल्टच देत असते. मग मोटरला कमी व्होल्टेज मिळते कसे?

मोटरला 4.8 व्होल्ट हवे असतील आणि ती 2 अँपिअर करंट घेत असेल, तर वाटेत रेझिस्टन्स घालून उरलेले 7.2 व्होल्ट अडवता येतील. पण त्यात 14.4 वॅट नुसते तापण्यात जातील आणि मोटरच्या वाट्याला 9.6 वॅटच येतील. म्हणून रेग्युलेटरमध्ये मॉस्फेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच वापरतात, जो एकतर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद. समजा त्याचे एक आवर्तन 50 मायक्रोसेकंदांचे आहे आणि त्यातले 20 मायक्रोसेकंद तो चालू राहतो. म्हणजे ड्यूटी सायकल 40 टक्के झाली, आणि 12 चे 40 टक्के म्हणजे 4.8 व्होल्ट ही मोटरवरची सरासरी. नॉब फिरवून आपण फक्त चालू राहण्याचा काळ बदलतो. यालाच पल्स विड्थ मॉड्युलेशन, थोडक्यात पीडब्ल्यूएम, म्हणतात.

ही सरासरी कागदावरची नाही, ती मोटरला खरोखर जाणवते, आणि याचे श्रेय मोटरच्या वेटोळ्याला आहे. वेटोळ्यातला करंट एकदम वाढत नाही आणि एकदम थांबतही नाही. स्विच बंद झाल्यावर तो मोटरला समांतर जोडलेल्या डायोडमधून फिरत राहतो, आणि 30 मायक्रोसेकंदांत तो फारसा उतरण्याआधीच स्विच पुन्हा चालू होतो. त्यामुळे मोटरमधून सलग 2 अँपिअर वाहत असतात, पण बॅटरी ते 40 टक्के वेळच पुरवते, म्हणजे सरासरी 0.8 अँपिअर. स्विच आणि डायोडमधली थोडी घट सोडली तर 12 गुणिले 0.8 म्हणजे तेच 9.6 वॅट. कमी वेगावर बॅटरी जास्त वेळ पुरते ती यामुळे.

हा डायोड निकामी झाला तर करंटला वाट उरत नाही, स्विच बंद होताक्षणी मोठा व्होल्टेज उसळतो आणि मॉस्फेट जळतो. जळालेला मॉस्फेट बहुधा शॉर्ट होऊन बसतो. नॉब कुठेही ठेवला तरी पंप पूर्ण वेगानेच चालत असेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

40 टक्के ड्यूटी म्हणजे 40 टक्के वेग, असे मात्र समजू नये. मोटरच्या वेटोळ्याचा रेझिस्टन्स 1 ओहम धरू. 2 अँपिअरला त्यात 2 व्होल्ट खर्च होतात आणि उरलेले व्होल्टच वेगाच्या कामी येतात: पूर्ण 12 व्होल्टवर 10, तर 4.8 व्होल्टवर फक्त 2.8. भार तोच राहिला तर वेग 28 टक्क्यांवर येतो. सरासरी 2 व्होल्टच्या खाली, म्हणजे सुमारे 17 टक्के ड्यूटीच्या आत, तर मोटर फिरतच नाही. नॉबच्या सुरुवातीच्या टप्प्यात पंप नुसता गुणगुणतो, त्यात बिघाड काही नसतो.

पंपाची मोटर एकाच दिशेने फिरते, म्हणून तिला एक स्विच पुरतो. ठिबकच्या नळीवरचा व्हॉल्व्ह मोटरने उघडायचा आणि मिटायचा असेल, तर दिशा उलटावी लागते आणि चार स्विचचा एच-ब्रिज लागतो. मोटर मधल्या आडव्या रेषेवर आणि तिच्या दोन्ही टोकांना वर एक, खाली एक असा स्विच. डावा वरचा आणि उजवा खालचा चालू केले की करंट एका दिशेने जातो, दुसरी तिरकी जोडी चालू केली की उलट दिशेने. आणि यांतल्या एका स्विचला पीडब्ल्यूएम दिले की वेगही हाती येतो. एकाच बाजूचे दोन्ही स्विच क्षणभर जरी एकत्र चालू राहिले तरी बॅटरी सरळ शॉर्ट होते. मॉस्फेट बंद व्हायला थोडा वेळ घेतोच, म्हणून एक बंद करून दुसरा चालू करण्यात साधारण एखाद्या मायक्रोसेकंदाची उसंत ठेवतात. मोटर न फिरताही ब्रिज तापत असेल, तर ही उसंत कमी पडते आहे का ते आधी तपासावे.

दिशा उलटण्यापूर्वी मोटर थांबू देणे हेही तितकेच गरजेचे आहे. पूर्ण वेगाने फिरणारी मोटर स्वतः 10 व्होल्ट निर्माण करत असते. त्याच क्षणी ब्रिज उलटवला तर हे 10 आणि बॅटरीचे 12 एकत्र येतात आणि 1 ओहमच्या वेटोळ्यातून क्षणभर 22 अँपिअरपर्यंत करंट धावू शकतो, जिथे एरवीचे काम 2 अँपिअरचे. व्हॉल्व्ह टोकाला जाऊन अडला तरी 12 अँपिअर होतात, म्हणून दोन्ही टोकांना लिमिट स्विच बसवावेत आणि ड्यूटी हळूहळू खाली आणून, मोटर थांबली की मगच दुसरी जोडी चालू करावी.